मिटणाऱ्या ओठांची अक्षरे

चित्रपटातील गीत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते दोन्ही आपल्या परिसरात सहज पाहावयास मिळतात. करमाळ्याच्या मातीत घडलेला ‘सैराट’ 2016 साली मराठीत आला आणि पुढच्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये नव्याने चित्रित झाला. संगीतकार तेच, नायिकाही तीच. परंतु कन्नड शब्द आधी लिहिले गेले आणि नंतर कलाकारांचे ओठ त्या शब्दांवर हलले. प्रभातने 1937 साली ‘कुंकू’ मराठीत आणि ‘दुनिया न माने’ हिंदीत काढला, तेव्हाही प्रसंग दोनदा चित्रित झाले होते. या मार्गात कवीला केवळ चालीचे बंधन असते.

दुसरा मार्ग ध्वनिरूपांतराचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास डबिंग म्हणतो त्याचा. येथे चित्र बदलत नाही. तामीळ ‘रोजा’साठी पी. के. मिश्र यांनी हिंदी गीते लिहिली, तेव्हा पडद्यावरील ओठ तामीळ शब्दांवर हलून केव्हाच थांबले होते. गीतकाराला आता चाल सांभाळायची, अर्थ सांभाळायचा आणि त्याशिवाय एका अनोळखी भाषेत हललेल्या ओठांनाही आपल्या भाषेतील अक्षरे पुरवायची. गेली काही वर्षे मी हेच काम करीत आहे. कन्नड मालिका व चित्रपटांतील गीते मी मराठीत लिहून देते. हे काम नेमके कसे चालते, याची पुष्कळांना उत्सुकता असते. म्हणून एका ओळीच्या आधाराने ते सांगावे असे मनात आले.

सोलापुरात राहणाऱ्याला या कामाचे अर्धे शिक्षण रस्त्यावरच मिळते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेला कन्नड आणि बाजारात तिन्ही भाषांची सरमिसळ. ज्या सिद्धरामेश्वरांचे हे गाव, त्यांची वचने बाराव्या शतकातील कन्नडमध्ये आहेत. माझी आई विजापूरकडची. त्यामुळे घरात कन्नड कानावर पडत असे आणि शाळेत मराठी. तरीही एखाद्या भाषेचे ओठ आपण कधी पाहिलेले नसतात. आपण भाषा ऐकतो. ती पाहतो मात्र क्वचित.

ती पाहू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की बहुतेक अक्षरे डोळ्यांना दिसतच नाहीत. क, ग, त, द, न, ळ, र, ह यांचे उच्चार तोंडाच्या आत घडतात. पडद्यावर ‘क’ असेल तेथे मी ‘ग’, ‘त’ किंवा ‘ह’ लिहिले, तर प्रेक्षकाला काहीच खटकत नाही. डोळ्यांना स्पष्ट दिसतात ती प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने, कारण त्यांच्यासाठी दोन्ही ओठ पूर्ण मिटावे लागतात. गंमत अशी की ही पाचही व्यंजने डोळ्यांना एकसारखीच. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहा. ओठांवरून त्यांतला भेद कळणार नाही. म्हणूनच पडद्यावर ‘म’ असेल तेथे मला ‘प’ चालतो आणि ‘ब’ असेल तेथे ‘भ’ चालतो. आपल्या पूर्वसूरींनी वर्णमाला रचताना उच्चारस्थानांप्रमाणे वर्ग पाडले आणि ही पाचही अक्षरे एका वर्गात ठेवली. माझ्या कामाचा अर्धा कोश त्यांनी आधीच लावून ठेवला आहे.

स्वरांचे तीन आकार डोळ्यांना कळतात. ‘आ’ला तोंड उघडते. ‘इ, ई, ए’ यांना ओठ कानांकडे ताणले जातात. ‘उ, ऊ, ओ, औ’ यांना ते गोल होऊन पुढे येतात. ऱ्हस्व ‘अ’ कोणाच्याही शेजारी निमूट बसतो. स्वर जितका लांबतो, तितका त्याचा आकार अधिक दिसतो. बोलण्यात ‘ओ’च्या जागी ‘ए’ आला, तर तो क्षणार्धात निघून जातो. गाण्यात तोच स्वर चार-पाच मात्रा लांबला आणि चेहरा जवळून दिसत असला, तर गोल ओठांतून ‘ए’ ऐकू येणे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

ओठांचे हे भान साहित्याला नवे नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा सांगतो. त्याच्या ओठाला इजा झालेली असल्याने ओठ मिटावे लागणारे एकही अक्षर त्याच्या संपूर्ण निवेदनात येत नाही. दंडीने प-वर्ग टाळून गद्य लिहिले; मला ठरलेल्या क्षणी प-वर्ग आणावा लागतो आणि इतरत्र तो टाळावा लागतो. दंडीला कोठेही वळसा घेण्याची मोकळीक होती, मला घड्याळ लावलेले असते, एवढाच काय तो फरक.

आता प्रत्यक्ष ओळ. ज्या गीतांवर मी काम केले ती त्यांच्या धन्यांची. म्हणून त्याच घाटाची एक ओळ येथे स्वतः रचून घेते. पावसाने ओढ दिलेली आहे, माळावर उभी असलेली एक बाई आभाळाकडे पाहून कन्नडमध्ये गाते:

मळेये बा, मनेगे बा

कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस, ‘मने’ म्हणजे घर आणि ‘बा’ म्हणजे ये. ‘पावसा ये, घरी ये’ एवढाच साधा अर्थ. चाल आठ-आठ मात्रांची आहे असे धरू. प्रत्येक अर्ध्यात पहिली तीन अक्षरे एकेका मात्रेची आणि चौथे ‘बा’ पाच मात्रा लांबलेले. ‘बा’ म्हणताना ती ओठ मिटते, मग तोंड पूर्ण उघडते आणि तसेच उघडे ठेवते.

‘पावसा ये, घरी ये’ हे भाषांतर म्हणून निर्दोष आहे; परंतु या ओठांवर ते तीन ठिकाणी मोडते. प्रत्येक अर्ध्यात चार उच्चारांच्या जागी तीनच भरतात, त्यामुळे एकदा तोंड उघडते आणि आवाज येत नाही. ओठ मिटतात तेथे ‘ये’ येतो, ज्याला ओठ मिटण्याची गरजच नाही. सर्वांत वाईट म्हणजे पाच मात्रा तोंड ‘आ’ वासलेले आणि कानांवर ताणलेला ‘ए’. प्रेक्षकाला यातले काही नेमके सांगता येत नाही. तो केवळ म्हणतो, ‘हे गाणे तिचे वाटत नाही.’

म्हणून मी अर्थ बाजूला ठेवून आधी सांगाडा लिहिते. पहिले अक्षर ओठ मिटणारे. दुसरे व तिसरे ओठ न मिटणारे, शक्यतो तिसऱ्यात ‘ए’. चौथे ओठ मिटून ‘आ’त उघडणारे, लांब. दुसरा अर्धाही तसाच. म्हणजे चौथ्या जागी पा, फा, बा, भा, मा यांपैकीच काहीतरी हवे. मराठीत ‘भा’ आणि ‘पा’ यांनी संपणारे चपखल शब्द थोडे आहेत. येथे दोन भाषांचे शेजारपण कामी आले. कन्नडचा ‘बा’ हे क्रियापद आहे, पण मराठीतही ‘बा’ आहेच, तो संबोधनाचा. ‘ये बा’ असे आपण देवालाही म्हणतो आणि रुसलेल्या लेकरालाही. अर्थ वेगळा, पण अक्षर तेच आणि आर्जवही तेच. त्यावरून ओळ अशी झाली:

मेघा रे बा, परत ये बा

‘मे’ला ओठ मिटतात, कन्नड ‘म’प्रमाणेच. ‘घा’ मूळच्या ‘ळे’पेक्षा अधिक उघडा आहे, परंतु तो एका मात्रेत सरतो, तेव्हा चालवून घेता येतो. ‘रे’ आणि ‘ये’ यांचे ओठ सारखे. ‘बा’वर ‘बा’. दुसऱ्या अर्ध्यात ‘म’च्या जागी ‘प’, म्हणजे डोळ्यांना काहीच बदल नाही. ‘रत’ मूळच्या ‘ने’च्या जागी निमूट बसतो. ‘गे’च्या जागी ‘ये’, आणि पुन्हा ‘बा’. आपल्या जिल्ह्याला परतीच्या पावसाची वाट पाहण्याची सवय आहे. रब्बीची ज्वारी त्याच्याच भरवशावर उभी राहते. त्यामुळे ‘परत ये’ हे शब्द मराठी ओळीला जे देतात, ते मूळ ओळीत नव्हते. त्यांनी घेतले मात्र ‘घर’. त्या घराकडे मी पुढे येते.

‘परत’ हा शब्द कागदावर तीन अक्षरांचा आहे. ओळीत मात्र मी त्याला दोन जागा दिल्या. यामागे दोन्ही भाषांतला एक मोठा भेद आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण लिहितो, पण बहुधा उच्चारत नाही. ‘घर’ तोंडात एकच उच्चार होतो, ‘परत’ हा ‘प-रत’ होतो. कन्नड आणि तेलुगूत शब्द बहुधा पूर्ण उच्चारलेल्या स्वरावर संपतात. कागदावरची अक्षरे मोजून लिहिणाऱ्याची ओळ जुळल्यासारखी दिसते आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी अपुरी पडते. मग गायकाला ‘परतऽ’ असा शेवटचा ‘अ’ ओढावा लागतो. अभंगात किंवा ओवीत ती ओढ शोभते, परंतु चित्रपटातील बोलक्या गीतात ती परकी वाटते. म्हणून मी अक्षरे कधी कागदावर मोजत नाही; हनुवटीखाली हात धरून ओळ म्हणते आणि हनुवटी किती वेळा खाली येते ते मोजते.

दुसरा भेद क्रियापदाचा. कन्नडमध्ये ‘बरुत्तेने’ म्हणजे ‘मी येते’ आणि ‘मी येतो’ही, कारण ‘मी’बरोबरच्या क्रियापदाला तेथे लिंग नाही. शेवट ‘ए’चा, ताणलेल्या ओठांचा. नायिका गात असेल, तर मराठी ‘येते’ तेथे आपोआप बसते. नायक गात असेल, तर ‘येतो’ येतो आणि ओठ गोल होतात. नायिकेचे गीत एका दिवसात होते, नायकाच्या त्याच चालीच्या गीताला तीन दिवस लागतात, ते याच कारणाने. यावर उपाय मराठीच देते. कवितेत क्रियापद शेवटीच यावे असा आपल्याकडे नियम नाही आणि ‘इथे, तिथे, पुढे, कुठे, गडे’ असे ‘ए’कारान्त शब्द विपुल आहेत. ‘येतो पुढे’ किंवा ‘येतो तिथे’ लिहिले, की गोल ‘तो’ मध्ये लपतो आणि लांबणाऱ्या जागी ‘ए’ येतो. मात्र हा उपाय एका गीतात दोनदाच करावा. तिसऱ्यांदा तो ऐकणाऱ्याला यमकाची खोड वाटू लागतो.

ओळ लिहून झाल्यावर तिची परीक्षा. स्टुडिओकडून मला तीन गोष्टी येतात: कोपऱ्यात काळ दाखविणारे चित्र, आवाजाविना वाद्यमेळ आणि मूळ गीताचा शब्दशः अर्थ. पहिल्या वेळी मी चित्र आवाज बंद करून पाहते आणि ओठ मिटण्याच्या व स्वर लांबण्याच्या जागा टिपून ठेवते. शेवटच्या वेळीही आवाज बंद ठेवून नवी ओळ स्वतः म्हणत पाहते. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात, म्हणजे एक चौकट सुमारे 42 मिलिसेकंदांची. आवाज ओठांच्या किंचित मागे पडला, तर ते डोळे सहन करतात. आवाज ओठांच्या आधी आला, तर ते लगेच कळते. निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो. उलटे घडलेले आपण कधी पाहिलेले नसते. म्हणून शंका असेल, तेथे शब्द एखादी चौकट उशिरा सुरू झालेला बरा.

घरात या परीक्षेसाठी माझी आई असते. तिचे कन्नड आणि मराठी दोन्ही पक्के आणि चित्रपटाच्या तंत्राशी तिचा काही संबंध नाही. एकदा मी दुसऱ्या अर्ध्यासाठी ‘मज भेट बा’ असे करून तिला ऐकवले. अर्थ गोड होता आणि मात्राही जुळत होत्या. आई पडद्याकडे बघत म्हणाली, “अगं, ती ‘भेट’ कुठं म्हणतेय? मला तर ‘देट’ ऐकू आलं.”

तिच्या कानांचा यात दोष नव्हता. तिसऱ्या जागी पडद्यावर ‘गे’ आहे, तेथे ओठ उघडे असतात. ‘भे’ला ते मिटले पाहिजेत. 1976 साली मॅकगर्क आणि मॅक्डॉनल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. कानांवर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोर ‘गा’ म्हणणारा चेहरा दाखविला, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतो. ऐकण्याचे काम डोळेही करतात. ओठ चुकले, की केवळ सौंदर्य बिघडते असे नाही. शब्दच दुसरा ऐकू येऊ शकतो. उलट बाजूची चूक, म्हणजे पडद्यावर ओठ मिटलेले असताना ओष्ठ्य अक्षर नसणे, कधीकधी झाकता येते. गाणारा श्वास घेण्यासाठीही ओठ मिटतो. अशा ठिकाणी मी ओळीत अर्धविराम पाडून घेते.

येथे एक सवलत सांगितली पाहिजे. आपल्या चित्रपटांत मूळ भाषेतही नट गात नाहीत; गायकाच्या आधी मुद्रित झालेल्या आवाजावर ते ओठ हलवितात. त्यामुळे मूळ गीतातच काही जागा जुळलेल्या नसतात. चित्रात ओठच उशिरा मिटले असतील, तर मी मूळ गीताच्या कागदाकडे न पाहता त्या ओठांकडे पाहते. कागदावर ‘म’ आहे, पण नटीने मान फिरविली, तर तो ‘म’ माझ्यापुरता नाहीच.

यातूनच ‘घर’ परत मिळविण्याचा मार्ग निघतो. गीतात अशी ध्रुवपदाची ओळ एकदाच येत नाही. समजा ती तीनदा येते. पहिल्यांदा चेहरा पडदाभर आहे. दुसऱ्यांदा ती पाठमोरी चालते आहे. तिसऱ्यांदा दूरवरून माळ दिसतो आणि ती त्यात बोटाएवढी. ‘एकच ओळ तीनदा वापरा, गायिकेचा वेळ वाचेल,’ असे सांगितले जाते आणि खर्चाच्या दृष्टीने ते योग्यही असते. पण पाठमोऱ्या बाईला ओठ नसतात. तेथे मला केवळ चाल पाळायची असते, आणि पाच मात्रा लांबणारा स्वर ‘आ’ ठेवला, तर गायिकेचा गळाही मोकळा राहतो. म्हणून दुसऱ्या वेळी ओळ अशी:

मेघा मेघा, ये रे घरा

चौथ्या जागी ‘घा’ आणि ‘रा’, दोन्ही उघडे. ओठ मिटणारे ‘बा’ येथे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. ‘ये ना घरी’ असेही लिहिता आले असते. परंतु उंच स्वरावर पाच मात्रा ‘ई’ धरणे गायिकेला जड जाते आणि आवाज चिरका होतो. मूळ बाईने पावसाला घरी बोलाविले होते, शेतात नव्हे. पाहुण्याला बोलवावे तसे. ती गोष्ट पहिल्या ओळीत हरवली होती, ती दुसऱ्या ओळीत मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचते. तिसऱ्या वेळी पहिली ओळ पुन्हा येते, आणि आता ‘परत ये बा’ ऐकताना घर आधीच ठाऊक झालेले असते.

या कामाविषयी मला जे कळले आहे, ते एवढेच आहे. जेथे ओठ दिसतात, तेथे ओठांचे देणे द्यावे; जेथे दिसत नाहीत, तेथे अर्थाचे राहिलेले देणे फेडावे. एका ओळीत दोन्ही साधलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर मराठी मोडून पडते. गीत लिहायला बसण्यापूर्वी मी चौकटींची एक यादी करते: चेहरा जवळ, चेहरा दूर, पाठ, सावली, नुसते आभाळ. मूळ गीतातील ज्या कल्पनेवाचून गीताचा जीवच जाईल, ती मी या यादीतील पाठमोऱ्या जागेसाठी राखून ठेवते.

काही गीतांत अशी जागाच नसते. चार मिनिटे एकच चेहरा, एकच दिवा आणि कॅमेरा हलत नाही. त्या गीतात काय सोडले, हे मी शब्दशः अर्थाच्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहून दिग्दर्शकाकडे पाठविते. कधी त्यातील एखादी कल्पना ते गीतापूर्वीच्या संवादात घालून घेतात आणि मग बोलताना कोणीतरी सहज ‘घर’ म्हणून जाते. श्रोत्याला ते गाण्यातच ऐकल्यासारखे आठवते.